तेरीज जुळली, तरी नफा चुकला कसा?

प्रश्न: आमच्या किराणा ठोक दुकानातल्या जुन्या दिवाणजींना 2024-25 मधलं साखरेचं एक बिल दोनदा टाकलेलं आता सापडलं. रिटर्न भरून झालंय. तेरीज जुळली होती, मग चूक राहिली कशी, आणि आता काय करायचं?

उत्तर:

तेरीज फक्त नावे आणि जमा सारखे आहेत का, एवढंच सांगते. तेच बिल पुन्हा टाकलं की खरेदी नावे पडते, पुरवठादार जमा होतो आणि दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. म्हणून ही चूक तेरजेत कधीच दिसत नाही. ती दिसते पुरवठादाराच्या खातेउताऱ्यात, आणि तुमच्या दिवाणजींनाही बहुधा तिथेच सापडली असणार.

एक उदाहरण धरू. साखरेचे 50 किलोचे 80 कट्टे, 37 रुपये किलो, म्हणजे 1,48,000, त्यावर 5% जीएसटी 7,400, बिल 1,55,400. ट्रक आला तेव्हा चलनावरून एक नोंद झाली, मूळ बिल हाती आल्यावर दुसरी. एकदा नंबर ‘412’ लिहिला, एकदा ‘SG/412’, म्हणून टॅलीनेही नंबर पुन्हा आल्याचं सांगितलं नाही. पुढे पुरवठादाराचा उतारा आला. त्याच्याकडे आपली बाकी 2,10,000, आपल्या खतावणीत 3,65,400. फरक नेमका एका बिलाएवढा असला की आधी तेच बिल शोधावं.

आता नफ्याचं. अखेरचा माल गोदामात मोजून धरला असेल, तर खरेदी 1,48,000 ने फुगली आणि नफा तेवढाच कमी दिसला. जाहीर नफा 6,20,000 असेल तर खरा 7,68,000. पण शिल्लक माल संगणकातून जसाच्या तसा उचलला असेल, तर ते 80 कट्टे तिथेही दोनदा धरले गेले असतील. मग नफा बरोबर येतो आणि माल खोटा ठरतो. म्हणून हिशेबाला हात लावण्याआधी 31 मार्चची मोजणीची यादी काढा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

माल मोजूनच धरला होता असं ठरलं, तर बंद झालेल्या वर्षाची किर्द खोडू नका. यंदाच्या तारखेने दुरुस्ती करा: पुरवठादार नावे 1,55,400, जमा बाजूला मागील वर्षाची दुरुस्ती 1,48,000 आणि जीएसटी क्रेडिट 7,400. क्रेडिट खरंच दोनदा घेतलं होतं का, ते GSTR-2B शी ताडून पाहा. घेतलं असेल तर GSTR-3B रिटर्नमध्ये परत करा. वापरलंही असेल तर 18% व्याज लागतं.

आयकरात ही रक्कम 2024-25 चीच. सुधारित रिटर्नची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली, त्यामुळे ITR-U, म्हणजे अद्ययावत रिटर्न, भरावं लागेल. 31 मार्च 2027 पर्यंत भरलं तर वाढीव कर आणि व्याजाच्या बेरजेवर 25% जादा, त्यानंतर पुढच्या एका वर्षात 50%. एका वर्षासाठी ते एकदाच भरता येतं, तेव्हा आधी बाकीच्या पुरवठादारांचेही उतारे मागवून ताडून घ्या. यंदाच्या पुस्तकात जमा पडलेले 1,48,000 यंदाच्या करपात्र उत्पन्नातून वजा करायला सीएंना आठवणीने सांगा, नाहीतर त्याच रकमेवर दोनदा कर बसेल.