झोपेच्या गोळ्या चुकून जास्त गेल्या, तरी पोट का धुतलं नाही?

प्रश्न: सासऱ्यांना (वय ७६, कळवा) रात्री क्लोनाझेपाम ०.५ची एक गोळी असते. परवा विसरून तासाभरात तीन घेतल्या. जीभ जड झाली, तोल जाऊ लागला. शेजारच्या काकू म्हणत होत्या, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. आम्ही तसेच दवाखान्यात नेलं. तिथे पोट धुतलं नाही, उतारा दिला नाही. ऑक्सिजन, बोटाला क्लिप आणि रात्रभर मुक्काम. एवढंच करायचं होतं, तर घरीच उलटी काढून काय बिघडलं असतं?

उत्तर: काकूंचं ऐकलं नाहीत हे फार बरं केलंत.

आपण शुद्धीत असताना उलटी झाली तर श्वासनलिकेचं तोंड आपोआप मिटतं, आणि एखादा थेंब आत गेलाच तर ठसका लागून बाहेर येतो. झोपेची गोळी नेमका हा ठसकाच मंद करते. शिवाय क्लोनाझेपामचा अंमल एक ते चार तासांत चढत जातो. म्हणजे पाणी पाजताना माणूस बोलत असेल, पण उलटी येईपर्यंत गुंगी वाढलेली असू शकते. मग पोटातलं आम्ल आणि रात्रीचा वरणभात फुप्फुसात उतरतो. त्यातून होणारा न्यूमोनिया या वयात तीन गोळ्यांपेक्षा कितीतरी महागात पडतो. बरं, एवढं करून गोळ्या निघतातच असंही नाही. लहानशी गोळी चटकन विरघळते आणि पुढे सरकते. मिठाचं पाणी तर आणखी वाईट, कारण उलटी झालीच नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं. रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, आणि अशाने मृत्यूही झालेले आहेत. दूध, लिंबूपाणी, कडक कॉफी हेही गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घालू नये.

आता दवाखान्यात काय झालं ते बघू. या गोळीचा धोका दोन ठिकाणी असतो: जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते, आणि श्वास उथळ होतो. औषध यकृत आपलं आपण मोडून टाकतं. तोवर वाट मोकळी ठेवणं आणि श्वास चालू आहे ना हे पाहत राहणं, हाच उपचार. आधी ग्लुकोमीटरने साखर बघतात, कारण साखर उतरलेला माणूसही असाच दिसतो. मग कुशीवर वळवणं, हनुवटी वर करणं, तोंडातली लाळ ओढून घेणं. घरची मंडळी ‘छान घोरताहेत, झोपू दे’ म्हणतात. पण अशा वेळचं घोरणं म्हणजे वाट अर्धी अडल्याची खूण.

बोटाच्या क्लिपवर एकटीवर भिस्त ठेवत नाहीत. ऑक्सिजन चालू असताना क्लिप ९८ दाखवते, आणि श्वास मात्र मिनिटाला आठवर आलेला असतो; आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळाने श्वास मोजतात, हाक मारून डोळे उघडायला लावतात. तुम्हाला वाटलं असेल उगाच त्रास देताहेत. हाकेला ओ मिळेना, चिमट्यालाही दाद नाही, असं झालं की आधी मास्क लावून फुग्याने श्वास देतात आणि गरज पडली तर नळी घालतात. तुमच्या सासऱ्यांवर ती वेळ आली नाही, एवढंच.

उतारा आहे, फ्लुमाझेनिल. पण रोज ही गोळी घेणाऱ्याला तो दिला तर झटके येऊ शकतात. आणि त्याचा असर साधारण तासभर, तर क्लोनाझेपामचा दिवसापेक्षा जास्त. माणूस उठून बसतो आणि पुन्हा गुंगीत जातो. पोट धुणं आता क्वचितच होतं: जीवघेण्या प्रमाणात काही पोटात गेलं असेल, तासाभराच्या आत आणलं असेल, आणि गुंगीत असेल तर आधी श्वासनलिकेत नळी घालूनच. तीन गोळ्यांसाठी तो धोका कोणी पत्करणार नाही.

रात्रभर ठेवलं ते वयामुळे. सोडताना पाहतात की माणूस नीट जागा आहे, पाणी न ठसकता पितो आणि आधाराशिवाय संडासापर्यंत जातो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण अर्धवट गुंगीत पडून खुबा मोडणं ज्येष्ठांत नवं नाही. पुढचे दोन दिवस ताप, खोकला, धाप यांकडे लक्ष ठेवा. काही आढळलं तर परत न्या. पुढची गोळी कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारा. घाबरून एकदम बंद करू नका, रोजची सवय असेल तर त्यानेही झटके येतात.

पुन्हा असं झालंच तर १०८ लावा, तोवर कुशीवर झोपवा आणि एकटं सोडू नका. घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत घ्या, रिकामीसुद्धा. डॉक्टरांना किती वाजता, किती गोळ्या आणि सोबत दारू किंवा खोकल्याचं, दुखण्याचं औषध होतं का, हे हवं असतं; या जोडीनेच श्वास खरा बसतो. अशा केसची पोलिसांकडे नोंद होऊ शकते. ती रीतच आहे, चुकून घेतल्या असं सरळ सांगायचं. गोळ्यांची संख्या मात्र लपवायची नाही.