माहितीपत्रकावरचे नाव आणि करारावरचे नाव

सप्रेम नमस्कार,

तू पाठवलेला घराच्या कराराचा मसुदा आणि सोबतचे रंगीत माहितीपत्रक, दोन्ही शेजारी ठेवून वाचले. माहितीपत्रकावर बांधकाम समूहाचे नाव आणि वीस वर्षांच्या कामाचा उल्लेख मोठ्या अक्षरांत आहे. मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात मात्र तेच नाव, पुढे ‘प्रकल्प तीन’ असे दोन शब्द आणि एक वेगळा नोंदणी क्रमांक आहे. तू चौकशी केलीस ती पहिल्या नावाची. तुझा करार मात्र दुसऱ्या नावाशी होणार आहे.

प्रत्येक इमारतीसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करणे, ज्याला या व्यवसायात एसपीव्ही म्हणतात, यात मुळात काही गैर नाही. कर्ज देणारी वित्तसंस्था पुष्कळदा स्वतःच तसा आग्रह धरते, कारण एका इमारतीची देणी दुसऱ्या इमारतीच्या जमिनीवर येऊ नयेत, असे तिला वाटते. पण तीच भिंत तुझ्याही आड येते. कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी व्यक्ती आहे, हे तत्त्व ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1897 साली सॉलोमन खटल्यात पक्के केले आणि भारतासह अनेक देशांचा कंपनी कायदा त्यावरच उभा आहे. त्यामुळे इमारत रखडली किंवा भिंतींतून पाणी झिरपू लागले, तर तुझा कराराचा दावा ‘प्रकल्प तीन’वर चालेल, समूहाकडे कितीही मालमत्ता असली, तरी ती आपोआप तुझ्या कामी येणार नाही.

म्हणून शोधाची सुरुवात नोंदणी क्रमांकापासून कर, नावापासून नव्हे. समूहातील कंपन्यांची नावे एका शब्दाने किंवा एका आकड्याने वेगळी असतात आणि नावे बदलताही येतात. क्रमांकात अशी गल्लत सहसा होत नाही. ब्रिटनमध्ये कंपनीज हाउस, भारतात कंपनी व्यवहार मंत्रालय, इतरत्र तेथील नोंदणी कार्यालय, यांच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की स्थापनेची तारीख, भांडवल, संचालक आणि बोजे दिसतात. सविस्तर कागदपत्रांना काही ठिकाणी शुल्क पडते, ते भरावे.

मी तुझ्या मसुद्यातील क्रमांकाने शोध घेतला. कंपनी चौदा महिन्यांपूर्वी स्थापन झाली आहे आणि तिचे भांडवल नाममात्र आहे. एसपीव्ही असल्याने या दोन्ही गोष्टी अपेक्षितच होत्या, त्यांवरून घाबरू नकोस. मला थांबवले ते भागधारकांच्या यादीने. समूहाच्या मुख्य कंपनीकडे 49 टक्के भाग आहेत आणि उरलेले 51 टक्के एका अपरिचित कंपनीकडे. तिच्या नोंदी उघडल्यावर तिचा पत्ता आणि तुझ्या मसुद्यातील मूळ जमीनमालकाचा पत्ता एकच निघाला. म्हणजे जमीनमालकाने जमीन देऊन बहुमत घेतले, असे दिसते. अशी भागीदारी सर्रास होते; पण भारतात काय किंवा ब्रिटनमध्ये काय, संचालकाला साध्या बहुमताने काढता येते, म्हणून भागधारकांत निराळा करार नसेल, तर मालकाशी बिनसल्यास ज्या समूहाच्या नावावर तू विश्वास ठेवलास, त्याचे संचालक या कंपनीतून बाहेर पडू शकतात. असा करार सार्वजनिक नोंदीत बहुधा सापडत नाही, तेव्हा तो आहे का आणि बांधकामाची जबाबदारी त्यात कोणावर टाकली आहे, हे विकासकालाच लेखी विचारावे लागेल.

दुसरी गोष्ट परिशिष्टात दडलेली आहे आणि ती पाहून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. पैसे ज्या खात्यात भरायचे, त्या खातेदाराच्या नावात ‘प्रकल्प तीन’ हे शब्दच नाहीत. ते मुख्य कंपनीचे खाते आहे. टंकलेखनाची चूक असेलही. परंतु तसेच राहिले, तर करार एकीशी आणि पैसे दुसरीकडे, अशी स्थिती होईल आणि उद्या वाद झाल्यास तुझे पैसे मिळालेच नाहीत, असे प्रकल्प कंपनी म्हणू शकेल. भारतातील 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, ती नेमकी एका इमारतीचा पैसा दुसरीकडे वळू नये म्हणून. तुझ्या ठिकाणी कोणताही कायदा असो, खात्यावरचे नाव, पावतीवरचे नाव आणि करारावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळल्याखेरीज एकही हप्ता देऊ नकोस.

पैसा वळवला जातो का, हे ओळखण्याची जागा म्हणजे वार्षिक हिशेबातील ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप. ‘प्रकल्प तीन’चे पहिले हिशेब अजून दाखल झालेले नाहीत, म्हणून मी त्याच समूहाच्या आधीच्या प्रकल्प कंपनीचे पाहिले. ग्राहकांची आगाऊ रक्कम देणी म्हणून दाखवली आहे आणि त्याच वर्षी भगिनी कंपनीला बिनव्याजी कर्ज दिले आहे. एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही. इमारत वेळेत पूर्ण झाली असेल, तर तो समूहाच्या अंतर्गत सोयीचा भाग म्हणता येईल. पण ती इमारत रखडली असेल, तर कारण शोधायला लांब जावे लागणार नाही. तिथल्या दोन-तीन रहिवाशांना ताबा कधी मिळाला, एवढे विचारून ये. हिशेब दाखल होईपर्यंत पुष्कळदा वर्षभर जुने झालेले असतात आणि कार्यालय त्यांतील प्रत्येक आकडा पडताळून पाहत नाही, हेही ध्यानात ठेव.

समूहाने तुला एक ‘पाठिंब्याचे पत्र’ देऊ केले आहे, असे लिहिलेस. त्यातील वाक्य असे आहे की प्रकल्प यशस्वी व्हावा, असा समूहाचा मानस आहे. मानस ही हमी नव्हे. ‘प्रकल्प कंपनीने कराराची पूर्तता न केल्यास आम्ही ती करू अथवा नुकसान भरून देऊ’ असे, मुख्य कंपनीच्या ठरावासह, लिहून दिले तर ती हमी. एकट्या ग्राहकाला अशी हमी क्वचितच मिळते. तरी मागावी, कारण नकार कोणत्या शब्दांत येतो, त्यावरूनही बरेच समजते. ब्रिटनने 2022 च्या इमारत सुरक्षा कायद्यात काही दोषांसाठी संलग्न कंपन्यांनाही न्यायालयाच्या आदेशाने जबाबदार धरण्याची सोय केली आहे, पण असा आदेश मिळवायला न्यायालयात जावे लागते.

राहता राहिला बोजा. जमीन आणि ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमा एका वित्तसंस्थेकडे तारण आहेत, हे नोंदीत आहे. त्यामुळे तुझ्या सदनिकेपुरते तिचे ना हरकत पत्र हवे. आजची नोंद मात्र आजपुरतीच. बोजा निर्माण झाल्यावर तो नोंदवायला ब्रिटनमध्ये 21 दिवस आणि भारतात साधारणपणे 30 दिवस मिळतात, म्हणून काल ठेवलेले तारण आज पडद्यावर दिसेलच, असे नाही. तेव्हा सहीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा क्रमांक टाकून पाहा आणि नोंदीतल्या तारणाखेरीज दुसरे कोणतेही तारण दिलेले नाही, असे निवेदन कराराच्या मजकुरातच घालून घे. खात्याच्या नावाची दुरुस्ती झालेले परिशिष्ट हाती आले की मला पाठव.

तुझा हितचिंतक