कूलर म्हणजे पाणवठा

प्रश्न: घरच्यांचा व्हिडिओ जंगलाच्या माहितीपटासारखा केला, पण कोणालाच हसू येत नाही. काय चुकलं?

बहुतेक निवेदनच विनोद करतंय. आवाज गंभीर हवा आणि माहिती खरी वाटायला हवी. आम्ही मे महिन्यात कूलरसमोरची दुपार टिपली. मोबाइल दाराआड ठेवून 20 मिनिटं हललोच नाही. निवेदन नंतर, चित्र पाहून लिहिलं: "पाणवठे आटले आहेत. कळपातला वयस्क नर आधी पोहोचतो." आजोबा दुपट्टा टाकून जागा धरतात, तिथं निवेदन थांबवलं, फक्त कूलरची घरघर. घर तिथंच हसलं.

कोणी कॅमेऱ्याकडे पाहिलं तर तेवढा तुकडा कापा. ऑफिसवर बेतलेल्या खोट्या, विनोदी माहितीपटात ती नजर चालते, कारण तिथं माणसांना कॅमेरा ठाऊक असतो. इथं घरची माणसं प्राणी आहेत.