नऊवारी घेताना काय बघायचं?

"आई, ताईच्या लग्नासाठी नागपुरात नऊवारी घ्यायची आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत नेसून राहायचंय. किती लांब, कुठलं कापड, किती जड घेऊ?"

सोनू बाळा,

इतवारीत आजीसोबत जाशील तेव्हा पर्समध्ये टेप ठेव. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर. दुकानात "नऊवारीच आहे ताई" म्हणतील, पण ब्लाउजपीस त्यातच आहे का, ते आधी विचार. समजा एकूण 8 मीटर निघालं आणि त्यातलं 80 सेंटिमीटर ब्लाउजचं असेल, तर नेसायला उरतं 7.2 मीटर. म्हणजे आठ वारही भरत नाहीत. बारीक, बुटक्या बाईला ते चालून जाईल. तू पाच फूट सहा इंच, तुला कमीच पडेल. मागचा काष्टा जेमतेम खोचला जातो, पदर आखूड होतो आणि मग दिवसभर ओढाताण. तुला ब्लाउज सोडून पूर्ण 8.2 मीटर हवं. पन्हाही मोज. 48 इंच मिळाला तर घोटे झाकले जातील, 45 मध्ये साडी वर चढलेली दिसेल.

वजनाचं मात्र नीट ऐक. नऊवारी परकराशिवाय नेसतात, त्यामुळे सगळा भार कमरेच्या गाठीवर येतो. भरजरी रेशमी पैठणी सुंदरच, पण मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात ती दिवसभर अंगावर नको. सिंथेटिक "सेमी" साडी हलकी आणि स्वस्त मिळते, पण घाम शोषत नाही, आणि गुळगुळीत असल्यामुळे गाठ सैल होऊन काष्टा सुटत जातो. माझं मत विचारशील तर सुती किंवा सुती-रेशमी इरकल घे. ते कापड गाठ धरून ठेवतं आणि पदर रेशमी असला की लग्नात शोभतोही. आपल्या विदर्भाची करवती काठाची टसर नऊवारीत मिळाली, तर तीही बघ.

काठ तीन-चार इंचांपेक्षा रुंद नको. काष्ट्यात काठाचे थर एकावर एक येतात. काठ रुंद आणि जरीचा असला की मागे टणक गोळा होतो, खुर्चीत टेकून बसवत नाही. जरीची उलटी बाजू मनगटाच्या आतल्या भागावर घासून बघ. तिथे टोचली तर मांड्यांना चालताना नक्कीच काचेल. रंग कितीही आवडला तरी तशी घेऊ नकोस.

घरी आणलीस की लग्नाच्या आधीच एकदा आजीकडून नेसून घे. आत गुडघ्यापर्यंतची सुती शॉर्ट्स घाल. जिना चढून बघ, पाटावर मांडी घालून बस. मांडी घालताना काष्टा ताणला गेला तर गाठ सोडून पुन्हा नेस आणि पायांमधून कापड थोडं ढिलं सोडून मग मागे खोच. आजीला ते बरोबर कळतं.

तुझी,
आई