बाहेरून लाल, आतून कच्चे फिले

बेलापूरच्या दिवाळे गावातून रावसाचे फिले आणले. बॅटरमध्ये तळले की बाहेरून लाल, आतून कच्चे. काय चुकतंय?

तेल जास्त तापतंय. १८० अंशांच्या आसपास ठेवा. बॅटरचा थेंब टाकून बघा, किंचित बुडून लगेच वर आला की झालं; टाकताक्षणी काळपटला तर गॅस कमी करा. वेळ जाडीवर ठरते: १ सेंटिमीटरला ३-४ मिनिटं, २ सेंटिमीटरला ६ च्या आसपास. रावसाचा पाठीकडचा तुकडा जाड, पोटाकडचा पातळ, म्हणून दोन्ही एकत्र तळू नका. माझीही हीच चूक व्हायची. बॅटरसाठी मैदा नि तांदळाचं पीठ निम्मंनिम्मं, त्यात बर्फगार सोडा वॉटर. घोटू नका, गुठळ्या राहू देत. फिले पुसून, कोरडं पीठ लावूनच बुडवा, नाहीतर आवरण सुटतं.