क्यूआरचे पैसे मालकाच्या बचत खात्यात आले, तर वहीत नोंद कशी करावी?

दुकानाचा क्यूआर माझ्या बचत खात्याला जोडलेला आहे. ते खाते दुकानाच्या वहीत नाही. मग विक्री कशी दाखवायची? – हार्डवेअर दुकानदार

विक्रीची नोंद बिलावरून होते, पैसे कोणत्या खात्यात पडले यावरून नाही. बचत खाते वहीबाहेरच ठेवायचे असेल, तर त्यात आलेली विक्रीची रक्कम मालकाने उचलली असे धरून उचल खात्याला नावे टाकावी.

समजा, महिनाभरात यूपीआयने 78,800 रुपये जमा झाले. त्यांतले 5,000 मावसभावाने परत केलेले हातउसने आणि 3,000 भिशीचे आहेत. हे 8,000 घरचे असल्याने वहीत येणार नाहीत. उरलेले 70,800 हे 18 टक्के जीएसटीसह रोखीच्या बिलांचे आहेत, म्हणून उचल खाते 70,800 ने नावे, विक्री 60,000 ने जमा आणि सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी 5,400 ने जमा, अशी नोंद होते. ग्राहकाने जुनी उधारी फेडली असेल, तर विक्री बिलाच्या वेळीच नोंदलेली असते. तेव्हा विक्रीऐवजी त्या ग्राहकाचे खाते जमा करावे.

घरची आणि दुकानाची रक्कम महिन्याअखेरीस आठवून वेगळी करणे मला धोक्याचे वाटते. रोज दुकान बंद करताना बिलांची बेरीज ही रोख, क्यूआर आणि उधारी यांच्या बेरजेशी जुळवावी, आणि फरक आला तर बँकेच्या उताऱ्यातल्या यूपीआय संदर्भ क्रमांकावरून त्याच दिवशी शोधावा.

त्यातले 50,000 मी चालू खात्यात वळवले आणि विक्री म्हणून दाखवले. बरोबर आहे ना? – तेच वाचक

नाही. बिलांची विक्री आधीच धरलेली असल्याने ती दोनदा मोजली जाईल, उलाढाल 50,000 ने फुगेल आणि विवरणपत्रातली विक्री जीएसटीच्या आकड्यांशी जुळणार नाही. चालू खाते नावे आणि उचल खाते जमा करावे. मग उचल खात्यात राहिलेले 20,800 हीच तुमची त्या व्यवहारांतली खरी उचल.

क्यूआर पत्नीच्या खात्याचा असेल तर? – किराणा दुकानदार

येथे उचल खाते थेट वापरता येत नाही, कारण पॅन वेगळा आहे. विक्री दुकानाचीच राहते, म्हणून पत्नीच्या नावाचे येणे खाते उघडून त्याला रक्कम नावे टाकावी आणि तिने ती दुकानाच्या खात्यात पाठवली की ते खाते जमा करावे. मात्र विक्रीचे पैसे तिच्या उताऱ्यात दिसत असल्याने विचारणा झाल्यास खुलासा तिला करावा लागेल. क्यूआर लवकरात लवकर दुकानाच्या चालू खात्याला जोडून घ्या, आणि बदलाच्या तारखेपर्यंतच्या जमा रकमा बिलांशी जुळवून तो उतारा जपून ठेवा.