आधी फ्रीकॅड, मग ब्लेंडर

"मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला पार्ट डिझाइन करायचेत, थ्रीडी प्रिंट काढायचीय आणि थोडं ॲनिमेशनही शिकायचंय. मोफत सॉफ्टवेअर ढीगभर दिसतात. सुरुवात कशाने करू द्यावी?" — चिंचवडचे एक पालक

फ्रीकॅडने, म्हणजे मापं देऊन पार्ट काढायच्या सॉफ्टवेअरने. गेल्या वर्षी भोसरीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याच्यावरून सांगते.

त्याने ब्लेंडरपासून, म्हणजे थ्रीडी आकार आणि ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली होती. 608 बेअरिंगसाठी हाउसिंग बनवलं. हे बेअरिंग बाहेरून 22 मिलिमीटरचं असतं. पहिल्यांदा स्लायसरमध्ये, म्हणजे पार्टचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पार्ट दिसेचना. पार्टचा आकार स्लायसरकडे ज्या एसटीएल फाइलमधून जातो, तिच्यात एकक नसतं, नुसते आकडे असतात. ब्लेंडर मुळात मीटरमध्ये चालतं, म्हणून 22 मिलिमीटर तिथे 0.022 होतात आणि स्लायसर ते 0.022 मिलिमीटर समजतो. हे त्याने सुधारलं, पण प्रिंट आल्यावर बेअरिंग आत जाईना. भोक थोडं मोठं हवं होतं. ब्लेंडरमध्ये आकार म्हणजे बिंदू आणि कडांची जाळी असते. त्या जाळीत त्याने भोक कापून पक्कं करून टाकलेलं, त्यामुळे तिथे बदलायला आकडाच उरला नव्हता. "मॅडम, सगळं परत करायला लागलं," असं तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

मी त्याला फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमध्ये तोच पार्ट करायला बसवलं. स्केच काढायचं, त्याला मापं द्यायची, पॅडने जाडी द्यायची, पॉकेटने भोक पाडायचं. स्केच पूर्ण बांधलं गेलं, म्हणजे त्यातलं प्रत्येक माप आणि जागा ठरली, की हिरवं होतं. ते हिरवं होईपर्यंत पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम मी लावला. भोक 22.0 वरून 22.2 केलं, आणि पुढचे सगळे टप्पे आपोआप बदलले. आधी फक्त भोकाचं कडं, 3 मिलिमीटर जाडीचं, छापून बघ म्हटलं. अख्खा पार्ट वाया जात नाही, आणि आपल्या प्रिंटरला किती सूट लागते ते कळतं. त्याच्या प्रिंटरवर 22.2 बसलं, तुमच्या मुलाच्या प्रिंटरवर आकडा वेगळा येऊ शकेल.

ऑनशेपही चांगलं आहे, पण त्याच्या मोफत खात्यात आपलं काम सगळ्यांना दिसतं. फ्यूजनच्या वैयक्तिक मोफत परवान्यावर मर्यादा आहेत. टिंकरकॅड शाळकरी वयाला उत्तम. डिप्लोमाच्या मुलाला लवकरच अपुरं पडेल.

ॲनिमेशनसाठी मात्र ब्लेंडरच, पण पार्ट तयार झाल्यावर. या मुलाने पुली फ्रीकॅडमध्ये शून्यबिंदूभोवती काढली, एसटीएल ब्लेंडरमध्ये आणताना स्केल 0.001 ठेवला. शून्यबिंदू पुलीच्या मध्यात असल्याने ती जागच्या जागी फिरली, नाहीतर शून्यबिंदूभोवती घिरट्या घालत राहिली असती. पहिल्या फ्रेमला 0 अंश, एकोणपन्नासाव्याला 360. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दोन सेकंदांत एक फेरा. सुरुवातीला पुली हळू सुटायची आणि शेवटी मंदावायची. ज्या दोन फ्रेमना अंश ठरवून दिले होते त्या कीफ्रेम निवडून, त्यांच्यामधला बदल कसा व्हावा ते ठरवणारं इंटरपोलेशन Linear केल्यावर ती एकसारखी फिरायला लागली.